उजवीकडचं दार

(दृश्य : वडगाव, बेळगाव. बोळातून येणारी मागांची खडखड. एका घराच्या पडवीत चौघं जण, चहाचे कप, उघडी वही.)

वडगावात मागाची खडखड कानाशीच असते. वाद घालायचा तर आवाज चढवूनच घालावा लागतो. आजचा वाद एका वाघावरून आहे.

गोष्ट अमेरिकेतली, १८८२ सालची. फ्रँक स्टॉकटनची ‘द लेडी, ऑर द टायगर?’ निवृत्त गुरुजींनी ती मराठीत आणायला घेतली आणि शेवटच्या वाक्याशी अडकले.

एक लहरी राजा असतो. त्याचा न्याय म्हणजे एक रिंगण आणि शेजारी शेजारी दोन दारं. एकामागं उपाशी वाघ, दुसऱ्यामागं एक सुंदर बाई. आरोपीनं हवं ते दार उघडायचं. वाघ निघाला तर तो गुन्हेगार. बाई निघाली तर निर्दोष, आणि तिथल्या तिथं लग्न. घरी बायको असली तरीही. राजकन्येवर प्रेम करणाऱ्या तरुणाला या रिंगणात उभं केलं जातं. कुठल्या दारामागं काय आहे, हे राजकन्येनं पैसे आणि जिद्द लावून काढून घेतलेलं असतं. तो तिच्याकडं बघतो. ती हात किंचित उजवीकडं हलवते. तो सरळ जाऊन उजवं दार उघडतो.

आणि लेखक विचारतो, बाहेर काय आलं? बाई की वाघ?

(दृश्य : वहीचं पान. खोडलेली तीन वाक्यं.)

इंग्रजीत हे सोपं जातं. तिथं ‘विच’ हा एक शब्द बाईला चालतो आणि वाघालाही, क्रियापदही लिंग सांगत नाही. मराठीत ‘आली’ लिहिलं की बाई, ‘आला’ लिहिलं की वाघ, गोष्ट फुटलीच. गुरुजींनी ‘कोण आलं?’ लिहून पाहिलं. पण ‘कोण’ म्हटलं की माणूस डोळ्यांपुढं येतो. शेजारच्या कन्नड अक्का हसल्या. त्यांच्याकडं तर जास्तच पंचाईत. माणसाला ‘यारु’, जनावराला ‘एनु’. आली ती ‘बंदळु’, आला तो वाघ ‘बंतु’. प्रश्न विचारतानाच उत्तर द्यावं लागतं.

(दृश्य : अक्का आणि गुरुजींची बहीण, समोरासमोर.)

बहिणीचं मत पक्कं : “वाघच. तिनं ठरवूनच हात हलवला.” आधार गोष्टीतच आहे. दारामागची बाई राजकन्येच्या ओळखीची. ती तरुणाकडं बघते, असं तिनं पाहिलेलं असतं; ‘किंवा पाहिल्यासारखं वाटलेलं’, असं लेखक मधेच घालतो. मत्सराला तेवढं पुरतं. शिवाय वाघाचे सुळे आठवून ती दचकते खरी, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा तिला दिसतं ते दुसरं दार, तरुणाचं फुललेलं तोंड आणि लग्नाचा थाट.

अक्का मान हलवतात. “त्या किंकाळ्या, ते रक्त तिला बघवायचं नाही. दुसरीचा झाला तरी जिवंत राहू दे, म्हणालीच असेल.” यालाही गोष्टीत जागा आहे. निर्णय घ्यायला तिला कित्येक दिवस आणि रात्री तळमळावं लागलं, असं लेखक सांगतो. नुसता मत्सर असता तर एवढा वेळ कशाला लागला असता?

पण शेवट मोकळा आहे म्हणून काहीही म्हणता येत नाही. तिला माहीत नसेल? नाही, तिला नक्की माहीत होतं. तिचा हात चुकून हलला? नाही, आपल्याला विचारलं जाणार हे ती जाणून होती, काय सांगायचं हे ठरलेलं होतं. त्यानं भिऊन दुसरं दार निवडलं? तेही नाही, तो क्षणभरही न थबकता उजवीकडं गेला. लेखकानं ही तिन्ही दारं स्वतः लावून घेतली आहेत. उघडी ठेवली ती एकच जागा, तिचं मन. म्हणून मला वाटतं, तरुणाचं काय झालं हा प्रश्न नावाला त्याच्याबद्दल आहे. आपण उत्तर देतो ते तिच्याबद्दल, आणि थोडंसं आपल्याबद्दलही. गुरुजींची बहीण हे ऐकून माझ्याकडं बघत राहिली.

पुढं काही वर्षांनी स्टॉकटननं याचाच पुढचा भाग लिहिला. परदेशातून माणसं येऊन विचारतात, दारातून काय आलं? त्यांना उत्तराऐवजी दुसरं कोडं मिळतं. त्यातल्या दोन बायांपैकी नवरी कोण, हसलेली की कपाळाला आठी घातलेली, हे सांगा, मग आम्ही सांगू.

(दृश्य : गुरुजी वहीत लिहितात.)

शेवटी गुरुजींनी दोन क्रियापदं वापरली : “बाई बाहेर आली, की वाघ बाहेर आला?” कुणाचं लिंग लपवायची गरजच उरली नाही. बहीण वाचून म्हणाली, “शेवटी वाघ ठेवलायस. वाचणाऱ्याच्या कानात तोच राहणार की.”

गुरुजी म्हणाले, “त्यानंही तसंच ठेवलंय.” आणि वही मिटली.