फोनवरचा "हो"

नमस्कार मंडळी. संध्याकाळची वेळ, कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी नुकतं कारखान्यातनं आलं असेल, आज जरा घरातल्याच गोष्टीवर बोलूया. घरात भांडण दोघांचं असतं आणि फोन आपल्याला येतो, "आक्का, तूच सांग, कोण बरोबर?"

माझ्याच आजोळची गोष्ट सांगते. माझ्या मामाचं घर आपल्या सोलापूरच्या साखर पेठेत, मागं पत्र्याच्या शेडमधे चार यंत्रमाग. घर मामानं स्वतःच्या कमाईनं बांधलेलं, मामा गेला, मृत्युपत्र काही नाही. थोरला इथंच माग चालवतो, मामीचं सगळं तोच बघतो, धाकटा पुण्याला नोकरीला. धाकट्याला घर विकून वाटणी पाहिजे, थोरला म्हणतो, आईची औषधं मी आणली, आता कसली वाटणी? झालं, दोघांचे फोन मला सुरू.

एकदा रात्री थोरल्याचा फोन आला, मी शेंगाची चटणी कुटत होते (चटणी खलबत्त्यातच कुटावी, मिक्सरमधे तेल सुटून लगदा होतो, हे माझं पक्कं मत आहे), एका हातात फोन, एका हातात बत्ता, आणि तो बोलतोय, "धाकट्यानं आईला कधी बघितलंच नाही बघ," आणि मी आपली, "हो रे... हं... हो." ऐकतेय एवढंच सांगायचं होतं मला. दुसरं काही नाही.

पंधरा दिवसांनी एका बारशाला गेले, तर धाकट्याची बायको वाटी खाली ठेवून म्हणाली, "आक्का, आम्ही आईंना बघितलं नाही, असं तुम्ही पण म्हणालात म्हणे." माझ्या हातातला घुगऱ्यांचा घास तसाच राहिला. मी म्हणाले नव्हते की ओ! पण माझा "हो" साखर पेठेतनं पुण्याला जाईपर्यंत माझं मत होऊन बसला होता. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते, फोनवरचा "हो" होकार म्हणूनच धरला जातो.

त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागं एक वाक्य लिहिलं, "तुला लागलंय हे मला कळतंय, पण कोण बरोबर ते मी ठरवणार नाही, आणि हे मी त्यालाही सांगितलंय." दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोन केला आणि हेच, शब्दाला शब्द तेच, वाचून दाखवलं. थोरला रागावला. "म्हणजे तू त्याच्या बाजूची," म्हणाला. मी वाद घातला नाही, परत तेच वाक्य म्हणाले आणि विचारलं, "मामीचा गुडघा कसाय, तू जेवलास का?" आठवडाभर त्याचा फोन नाही. मग आला, औषधांच्या बिलांचे फोटो घेऊन, "हे जरा त्याला दाखव." मी म्हणाले, "बाळा, तू पाठव, मी नाही पाठवणार." आणि मला कुणी "फक्त तुलाच सांगते" म्हणून सुरू केलं की मी आता आधीच थांबवते. गुपित घेतलं की आपण एका बाजूला गेलोच म्हणून समजा. व्हॉइस मेसेज पुढं ढकलणं तर अजिबात नको, माणसाचा रागातला आवाज तिसऱ्याला ऐकवू नये.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन ह्याला त्रिकोण म्हणायचे, दोघांना आपसातला ताण झेपेना की तिसऱ्याला ओढतात. त्यांचं म्हणणं असं, तो तिसरा दोघांशी बोलत राहिला आणि कुणाकडंच झुकला नाही, तर त्या दोघांचा ताण उतरायला लागतो. तिसऱ्यानं बोलणं तोडून उपयोग नाही, बोलत राहायचंय.

आणि हिशोब सांगणं म्हणजे बाजू घेणं नाही, फक्त सगळ्यांना एकच सांगा. दोघं भाऊ निम्मं निम्मं म्हणून भांडत होते, पण कायद्यानं मामी, दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण, चौघांचा चौथा चौथा हिस्सा. हे मी एकाच मेसेजमधे तिन्ही भावंडांना कळवलं, पुढं म्हणाले, वकिलाकडं एकत्र जा, नाहीतर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी होते, तिथं बसा.

हे चालतं कुठपर्यंत, तर नुसता रुसवा आणि हिशोब असेल तोपर्यंत. मारहाण असेल, म्हातारीचं जेवण तोडलं असेल, तिथं मधे उभं राहायचं नाही, सरळ तिच्या बाजूला जायचं. बायकांसाठी 181, म्हाताऱ्या माणसांसाठी 14567, हे नंबर लिहून ठेवा, 181 आणि 14567.

वाटणी अजून झालेली नाही बरं का, बोलणी चालू आहेत. पण ह्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला धाकटा पोरांना घेऊन आला, माझ्याकडंच उतरला, आणि संध्याकाळी थोरल्याची पोरंही होम मैदानावर जायला माझ्याच दारात येऊन उभी राहिली. दोन्ही सुनांनी मला वेगवेगळा फोन करून एकच विचारलं, "आक्का, पोरांना पाळण्यात एकत्र बसवू का?"

मी म्हणाले, "बसवा." ह्यावेळी मात्र तो "हो"च होता.