पट्टीचा हिशोब कुठे ठेवायचा?

लातूरच्या मार्केट यार्डात सौदा निघाला की अडतीवरच्या मुनीमाला मान वर करायला फुरसत नसते. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि मग पट्टी. या पट्टीचं सॉफ्टवेअर मी करतो, तेव्हा नव्या प्रॉडक्टला डेटाबेस कुठला घ्यावा, एसक्यूलाइट, आपल्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेस की दुसरी कंपनी चालवून देते ते मॅनेज्ड पोस्टग्रेस, हे मी तिथूनच सांगणार.

सुरुवातीला मी छातीठोकपणे पोस्टग्रेस म्हणत होतो. मग एकदा बसून आकडे मांडले. 40 दुकानं धरा, सोयाबीनच्या हंगामात दर दुकानी 300 पट्ट्या. झाल्या 12,000. सगळ्या तीन तासांतच फाटल्या असं समजा, तरी सेकंदाला एकीपेक्षा जराशीच जास्त. साध्या एसएसडीवर एसक्यूलाइटला एक पट्टी लिहायला काही मिलिसेकंद लागतात. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, `patti.db` नावाची एक फाईल. घेतलं एसक्यूलाइट.

पण तिथला एक नियम पक्का: एका वेळी लिहिणारा एकच. आम्हाला पहिल्याच हंगामात `database is locked` दिसायला लागलं. पट्ट्या फार झाल्या असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण वेगळंच होतं. पट्टी लिहून झाल्यावर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मी पीडीएफ बनवत होतो, एसएमएसही पाठवत होतो. एसएमएसवाल्याचं उत्तर यायला सहा सेकंद लागले की तेवढा वेळ बाकीची 39 दुकानं दारात उभी. ते काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढलं, लिहायचं असेल तिथे सुरुवातच `BEGIN IMMEDIATE` ने केली आणि या ओळी घातल्या:

```
PRAGMA journal_mode=WAL;
PRAGMA busy_timeout=5000;
PRAGMA foreign_keys=ON;
```

पहिली ओळ फाईलमध्ये कायम राहते. उरलेल्या दोन प्रत्येक कनेक्शन उघडताना द्याव्या लागतात, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

आता माझी चूक ऐका. रोज रात्री मी `cp` करून ती फाईल दुसरीकडे ठेवत होतो. एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली, मी कालची कॉपी लावली. दहा मिनिटांत मुनीमाचा फोन: "साहेब, काल दुपारच्या पट्ट्या गेल्या कुठं?" वरच्या पहिल्या ओळीने सुरू होतो त्या वॉल मोडमध्ये नवं लिखाण आधी शेजारच्या `patti.db-wal` फाईलमध्ये जातं आणि सावकाश मुख्य फाईलमध्ये उतरतं. कुणीतरी रिपोर्टचा स्क्रीन उघडा ठेवला होता. त्याचं वाचन संपलं नव्हतं, त्यामुळे त्यानंतरचं काहीच मुख्य फाईलमध्ये उतरलं नाही. मी उचलली फक्त मुख्य फाईल. दुकानातल्या छापील पट्ट्या बघून दोन रात्री आम्ही पुन्हा भरत बसलो. त्यानंतर दर तासाला हे चालतं:

```
sqlite3 patti.db "VACUUM INTO '/backup/patti-14.db'"
```

ही कॉपी पूर्ण असते, मात्र त्या नावाची भरलेली फाईल आधीच असेल तर कमांड चालत नाही. कॉपी लगेच दुसऱ्या मशीनवर जाते, आणि तिथे ती उघडून शेवटच्या पट्टीचा नंबर चालू नंबराशी ताडला जातो.

मग पोस्टग्रेस कधी? पट्ट्या वाढल्या म्हणून नाही. दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला त्याच डेटात लिहायचं असेल तेव्हा. ती फाईल नेटवर्कवरच्या फोल्डरात ठेवून वॉल मोड चालत नाही, कारण सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर असाव्या लागतात. आणखी एक ठिकाण म्हणजे ज्या होस्टिंगवर दर डिप्लॉयला डिस्क कोरी होते ते. तिथे एसक्यूलाइट ठेवलंत तर पहिल्याच अपडेटला हिशोब साफ.

आपल्या सर्व्हरवर पोस्टग्रेस बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि स्वस्त वाटतं ते तेवढ्यापुरतंच. रात्री एकदा `pg_dump` घेत असाल आणि संध्याकाळी डिस्क गेली, तर अख्ख्या दिवसाचा सौदा गेला. दुपारी अडीचला जिथे होतो तिथे परत जायचं, तर बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या बदलांच्या वॉल फाईलींचं आर्काइव्ह दोन्ही लागतात. आर्काइव्ह करणारी कमांड बंद पडली तर त्या फाईली `pg_wal` मध्ये साचत जातात, डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. हे बहुधा हंगामातच होतं, कारण लिखाण तेव्हाच जास्त. शिवाय एका मोठ्या आवृत्तीला पाचच वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणजे अपग्रेडही आपल्याच गळ्यात.

मॅनेज्डमध्ये यातलं बरंचसं त्या कंपनीकडे जातं, आपण महिन्याचं भाडं भरतो. सर्व्हर आणि डेटाबेस एकाच शहरातल्या डेटासेंटरमध्ये घ्या. एका पट्टीला वीस क्वेऱ्या लागत असतील आणि दर खेपेला 30 मिलिसेकंद प्रवासात गेले, तर मुनीमाला सहा दशांश सेकंद ताटकळावं लागतं. आणि डेटाबेस डिलीट केला तर बॅकअपही जातात का, हे घेण्याआधी विचारा.

आमचं आज एसक्यूलाइटच आहे. दिवाळीनंतर खरेदीदारांसाठी वेगळ्या मशीनवरून नोंदी सुरू होतील, तेव्हा मॅनेज्डवर जाणार. स्वतःचा पोस्टग्रेस सर्व्हर मला चालवता येतो, पण आमच्याकडे रात्री दोनला उठणारा माणूस एकच आहे, आणि तो सकाळी सहाला यार्डातही असतो.