मशीनची चपाती मऊ कशी राहील?

नमस्कार श्रोतेहो. रबाळ्याच्या एमआयडीसीत मी एका कारखान्याचं कॅन्टीन चालवतो. जेवायला 400 माणसं, माणशी 3 चपात्या, म्हणजे दिवसाला 1200. आज बोलायचंय ते त्या मऊ ठेवण्याबद्दल.

हिशोब आधी सांगून टाकतो. 1 किलो कणकेच्या साधारण 40 चपात्या होतात, म्हणजे 1200 ला 30 किलो पीठ. हातानं करणाऱ्या आमच्या चौघी मावशी, दोघी लाटायला नि दोघी भाजायला. तासाला 300 व्हायच्या. सकाळी साडेआठला पोळपाट मांडले की साडेबाराला काम संपायचं. मग आम्ही मशीन घेतलं. उंडा आत टाकला की गरम प्लेटा तो दाबतात आणि पुढे पट्ट्यावर चपाती भाजत जाते. तासाला 800, दीड तासात सगळं काम.

पहिल्या आठवड्याची गोष्ट ऐका. मशीन दहाला सुरू केलं, साडेअकराला 1200 चपात्या तयार. मोठ्या पातेल्यात रचल्या, वर झाकण. साडेबाराला पहिली पंगत बसली आणि वाढणारा मुलगा पातेलं घेऊन परत आला. वरच्या चपात्यांच्या कडा पापडासारख्या, तळाच्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. एका कामगारानं चपाती माझ्यासमोर दुमडली, ती घडीवरच तुटली. तो एक शब्द बोलला नाही, ताटातला भात कालवून जेवला. मला फार लागलं ते.

मी पिठाला दोष दिला. दुकान बदललं, फरक शून्य. रात्रभर एकच विचार डोक्यात. मावशींची साडेआठची चपाती चार तासांची होऊनही मऊ असायची, आणि मशीनची एका तासात कडक. असं का?

दुसऱ्या दिवशी घणसोलीच्या मावशी मशीनजवळ आल्या. परातीतल्या कणकेत त्यांनी अंगठा रोवला. खळगा तसाच राहिला, कडेला चिरा पडल्या. म्हणाल्या, "दादा, ही कणीक तहानलेली आहे. पाणी किती घालता?" मी सांगितलं, किलोला 550 मिली. मशीन बसवून देणाऱ्यानंच कणीक घट्ट ठेवायला सांगितलं होतं, प्लेटला चिकटू नये म्हणून. मावशी म्हणाल्या, "आमची कणीक तुम्ही कधी मोजलीच नाही." मोजली. किलोला 650 मिली निघाली, वर अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरवलेली.

श्रोतेहो, मुद्दा हाच. फरक हाताचा नि मशीनचा नव्हता, पाण्याचा होता. पुन्हा सांगतो, पाण्याचा. गव्हातला कोंडा पाणी हळूहळू पितो. न मुरवता भाजली तर चपाती आतून कोरडीच राहते.

मग आम्ही 650 वर आलो. हाव धरून 700 केलं, तर उंडे प्लेटला चिकटायला लागले, म्हणून परत 650. उंड्यांना तेलाचा हात लावला. पट्टा हळू चालत होता आणि आंच मंद होती. मंद आंचेवर चपाती भाजत नाही, वाळते. तिच्यावर तपकिरी ठिपके येत नाहीत, ती फिकट नि टणक होते. म्हणून आंच वाढवली, पट्टा वेगात सोडला.

पातेलं बंद केलं. गरम चपाती अर्धा मिनिट जाळीवर, मग वीस-वीसची चळत सुती कापडात, आणि ती जाड डब्यात. वाफ कापड पितं, चपातीवर पाणी उतरत नाही. काही ठिकाणी गरम चपात्या प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, ते मला अजिबात पटत नाही. मऊपणासाठी मैदा मिसळणंही पटत नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला अख्ख्या गव्हाचीच चपाती मिळाली पाहिजे.

आणि वेळ. आता मशीन साडेअकराला सुरू होतं, पंगतीच्या एकच तास आधी. पहिल्या पंगतीला 800, दुसरी दीडला, तिला उरलेल्या 400 ताज्या. सगळ्या एकदम करू नका, पंगतीच्या पुढे फक्त तासभर राहा.

एक गोष्ट मात्र मशीनला जमत नाही. आपल्या घडीच्या पोळीत आत तेल असतं, पदर सुटतात, म्हणून ती संध्याकाळीही लुसलुशीत असते. मशीन एकपदरीच काढतं. म्हणून रात्रपाळीच्या 60 माणसांसाठी मावशी आजही हातानंच लाटतात.

पावाचं थोडक्यात. आमचा पाव बेकरीतून येतो. तो फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव शिळा लागतो. चपातीचंही तेच. उरलीच तर बाहेरच झाकून ठेवा आणि त्याच दिवशी पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर परता.

त्या कामगाराला पुढच्या सोमवारी मी स्वतः वाढलं. त्यानं चपाती दुमडली, उलगडली आणि चौथी मागितली.