पिंजऱ्याचा फोटो पाठवताय? आधी त्यात एक ए-फोर कागद ठेवा!

नमस्कार मंडळी! तर "ताई, एवढा पिंजरा बास आहे का" हा मेसेज आणि सोबत एक फोटो, असं गेले दोन महिने माझ्या इनबॉक्समध्ये इतकं साचलंय ना की म्हटलं एकदाच व्हिडिओ करून टाकू. आज फक्त हॅमस्टर. पक्ष्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यांना उडायला आडवी लांबी लागते, ते परत कधीतरी. आणि पोपटाचे फोटो पाठवणाऱ्यांनो, आपला साधा हिरवा पोपट घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याच्या पिंजऱ्याचं माप मला विचारू नका.

पाणी, खाणं, लपायला घर, हे तुम्हाला माहितीय, पुढे जाऊ.

आता गंमत बघा, फोटोत पिंजऱ्याचा साइज कळतच नाही. मोबाईल जवळ धरून पॉइंट फाइव्हवर काढला की पुढची बाजू फुगते, आणि बुटाच्या खोक्याएवढा पिंजरा हॉलसारखा दिसतो. म्हणून मला फोटोत एक ए-फोर कागद हवाय, प्रिंटरचा साधा. तो सगळीकडे सारखाच असतो, २१ बाय २९.७ सेंटिमीटर. चार-पाच पावलं मागे जा, वन एक्सवर ठेवा, कागद पिंजऱ्याच्या पुढच्या कडेला चिकटवून उभा करा. पुढच्याच कडेला हं! मागे भिंतीला टेकवला तर कागद लहान दिसणार आणि त्याच्या मानाने पिंजरा उगाच मोठा वाटणार. ही चूक दहातले आठ जण करतात.

जागा किती पाहिजे? जर्मनीत प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची टीव्हीटी नावाची संघटना आहे, ते कमीत कमी १०० बाय ५० सेंटिमीटर आणि ५० उंची सांगतात. कमीत कमी, लक्षात घ्या. म्हणजे ५००० चौरस सेंटिमीटर, आणि योगायोग असा की ए-फोरचे आठ कागद शेजारी शेजारी मांडले की जवळजवळ तेवढंच होतं. आठ कागद, बास, कॅल्क्युलेटर नको.

आता परवाचा एक फोटो घेऊ. नाव सांगत नाही, दादांनी मनापासून पाठवलाय. निळा, तीन मजली, घसरगुंडीवाला, जो प्रत्येक दुकानात टांगलेला असतो तो. कागद नव्हता, पण पिंजरा फरशीवर होता आणि फरशी दोन बाय दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटर. पुढची कड फरशीच्या पाऊण भागात बसतेय, म्हणजे ४५, खोली अर्ध्या फरशीएवढी, ३०. गुणाकार १३५०. कागदात सांगायचं तर दोन कागद आणि वर थोडंसं. हवेत आठ!

मी तसं सांगितलं तर दादा म्हणाले, पण ताई तीन मजले आहेत ना, तीन गुणिले १३५०, झाले की चार हजार. नाही हो दादा नाही! मजले मोजायचे नाहीत. हॅमस्टर जमिनीवर पळणारा आणि जमिनीखाली बीळ करणारा प्राणी आहे, त्याला सलग तळ लागतो, तुकडे चालत नाहीत.

दुसऱ्या बाजूने बघा. तो वरचा मजला म्हणजे काय असतो? तळहाताएवढी प्लॅस्टिकची फळी. तिच्यावर माती-भुसा काही टिकत नाही, खणता येत नाही, पळायचं तर दोन पावलांत संपते. जिना मोजून घराचा कार्पेट एरिया वाढतो का? बिल्डर वाढवेल, पण तुम्ही वाढवू नका.

आणि तिसरं, हॅमस्टरला फार कमी दिसतं, उंचीचा अंदाज येत नाही, तो कडेवरून सरळ पाऊल टाकतो आणि पडतो. म्हणजे ज्या मजल्यांचे तुम्ही जास्तीचे मार्क मागताय, त्यांचे मी कापतेय.

यावर एक कमेंट होती, "उंदराला एवढी जागा? आमच्या वन आरकेत आम्ही चौघं राहतो." मी हसले, खरं सांगते. पण दादा, तुम्ही सकाळी कामाला तरी बाहेर पडता ना!

माझंच सांगते. माझा पहिला हॅमस्टर लाडू, सोनेरी सीरियन. दुकानदाराने असाच पिंजरा दिला आणि मी घेतला. रात्री दोनला कटकटकट गजांवर दात. आई म्हणायची, दात शिवशिवतात त्याचे. मी चक्क व्हिडिओ काढून 'जिम करतोय' म्हणून स्टेटसला ठेवला. मग नाकावरचे केस गेले तेव्हा कळलं जिम नव्हती ती. त्यानंतर त्याच्यासाठी १०० बाय ५० चा जुना फिश टँक आणला, वर जाळी टाकली आणि तळाला पोटभर भुसा भरला, तर कटकट आठवड्यात थांबली. मी भुसा म्हणतेय, त्याला दुकानात बेडिंग म्हणतात.

त्याबद्दल स्वित्झर्लंडमध्ये एक अभ्यास झालाय, २००६ मध्ये छापून आला. सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल बेडिंगमध्ये ठेवलं, तर १० वाल्यांनी बाकीच्यांपेक्षा गज जास्त कुरतडले. आता तुमच्या फोटोत किती असतं? दोन बोटं. त्यात फसवाफसवी अशी की खालचा ट्रे रंगीत असतो, बाहेरून खोल वाटतो, आत तळ दिसतोय. किंवा काचेलगत ढीग केलेला आणि मागे रिकामं. म्हणून तोच कागद पिंजऱ्याच्या मध्यावर आडवा धरून तळापर्यंत खुपसा, २१ ची बाजू उभी. पूर्ण बुडाला तर बीळ करण्यापुरती खोली झाली. अर्धा बाहेर राहिला तर अजून पोतं आणा. भरताना थोडं दाबा आणि मध्ये सुकं गवत घाला, नाहीतर बीळ लगेच ढासळतं.

आणि कापसासारखं जे मऊ फ्लफ मिळतं ना, फोटोत फार गोड दिसतं, ते काढून टाका. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं. त्याऐवजी टिश्यूच्या पट्ट्या फाडून द्या, बिनवासाच्या.

खेळण्यांत मी फक्त चाक बघते. त्याचा पळतानाचा फोटो हवा, बाजूने. पाठ सरळ असेल तर ठीक. पाठ केळ्यासारखी वाकलेली आणि मान वर असेल तर चाक लहान. परत कागद आणा: सीरियनला चाक जवळजवळ कागदाच्या लांब बाजूएवढं, २८ सेंटिमीटर, आणि छोट्या ड्वार्फला आखूड बाजूएवढं, २० च्या आसपास. पळायची जागा सलग पाहिजे, तारेच्या फटीत पाय अडकून मोडतात. दुकानातल्या पिंजऱ्याबरोबर येणारं चाक मी आजवर एकदाही पास केलेलं नाही. आणि तो पारदर्शक बॉल, ज्यात त्याला घालून हॉलमध्ये सोडता, तो फोटोत दिसला तर मी बाकीचं बघणारच नाही, आत हवा कोंडते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.

तर फोटो पाठवताना तीन पाठवा, कागद पुढच्या कडेला, कागद बेडिंगमध्ये, आणि चाकात पळणारा तो. कागद कोरा घ्या, छापलेला नको. फोटो झाल्यावर आतच राहिला तरी चालेल, सकाळी बघाल तर त्याने फाडून घरट्यात नेलेला असेल.