तीस सेकंदांची हळद : रीलच्या ब्रीफमध्ये काय लिहायचं, काय सोडायचं

(सांगलीत महिला बचत गट, छोटे उद्योजक आणि रील करणारी तरुण मंडळी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. समजा, कृष्णाकाठच्या एका गावातला महिला बचत गट हळद पावडर विकतो. गटाला मिरजेच्या एका मुलीकडून तीस सेकंदांचं रील करून घ्यायचंय. पोरगी गावाकडच्या बोलीत बोलते, लोक तिचं ऐकतात. आता तिला ब्रीफ द्यायचं, म्हणजे रीलमध्ये काय हवं, काय नको ते सांगायचं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा फोनवरच होतं, "ताई, आमच्या हळदीबद्दल जरा चांगलं बोला." नाहीतर दुसरं टोक, दोन पानी पत्र, त्यात गटाच्या स्थापनेपासून सगळं.

दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. गटाच्या बैठकीत 'हे बोललंच पाहिजे' अशी यादी केली, की ती सात-आठ मुद्द्यांच्या खाली येत नाही. राजापुरी वाण, गटाचं नाव, घरचं दळण, भेसळ नाही, किंमत, फोन नंबर, अध्यक्षताईंचं नाव, वर प्रतिकारशक्ती आहेच. आता घड्याळ लावून बघा. सहज बोललेल्या मराठीत तीस सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द बसतात. आठ मुद्दे, प्रत्येकी आठ शब्द. झाले चौसष्ट. मुलीने बोलायचं काय? ती मुद्दे वाचून दाखवते आणि बघणारा चौथ्या सेकंदाला वर सरकवतो.

म्हणून मी तीनच मुद्दे ठेवायला सांगतो. या गटासाठी ते असे. एक, पाकिटावर आहे तसंच नाव. दोन, गटातल्या बायकांच्याच शेतातली राजापुरी हळकुंडं आहेत आणि शिजवण्या-वाळवण्यापासून दळण्यापर्यंतचं काम त्याच करतात. तीन, मागवायची कुठून. किंमत कॅप्शनमध्ये घाला, कारण ती बदलते आणि रील तसंच राहतं. अध्यक्षताईंचं नाव गेलं तर ताई रुसतील, ते गटाने आपसात मिटवावं.

आणि मुद्दा लिहायचा म्हणजे वाक्य लिहायचं नाही. ब्रीफमध्ये "आमची हळद पारंपरिक पद्धतीने उत्कृष्ट दर्जाची बनवली जाते" असं लिहून दिलंत, तर ती बिचारी तेच म्हणेल आणि ऐकणाऱ्याला कळेल की हे तिचं नाही. तिला मतलब सांगा. ती म्हणेल, "अवो, हळकुंड ज्यांनी रानातनं काढलं, त्याच बायकांनी दळलंय, मधी कोणच नाय." तुमचा दुसरा मुद्दा पूर्ण आला, तोही तिच्या तोंडून. शब्दशः फक्त दोनच गोष्टी द्या, ब्रँडचं नाव आणि मागवण्याचा पत्ता किंवा नंबर. बाकी सुरुवात कशी करायची, स्वयंपाकघरात शूट करायचं की हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवाच्या तोंडाशी उभं राहून, विनोद करायचा की नाही, हे तिचं. तिच्या प्रेक्षकांना ती तुमच्यापेक्षा जास्त ओळखते, म्हणून तर तिच्याकडे गेलात.

मोकळीक दिली म्हणजे कुंपण नको असं नाही. खाण्याच्या पदार्थाला ते लागतंच. हळदीच्या बाबतीत मोह एकच, औषध. सर्दी जाते, साखर उतरते, कर्करोग बरा होतो. अन्नपदार्थ विकताना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि तो रील करणाऱ्या मुलीने केला म्हणून गट सुटत नाही. ब्रीफमध्ये स्पष्ट लिहा, "कोणत्याही आजाराचं नाव नको, औषध म्हणून उल्लेख नको." 'जीआय' हा शब्दही जपून. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2018 साली मिळालं, पण त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून गटाची नोंदणी नसेल, तर तो मुद्दा यादीत घालू नका.

पाण्याच्या ग्लासाची गंमत सांगतो, कारण रीलवाल्यांना ती फार आवडते. ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर टाकायची. चांगली हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग येतो, कृत्रिम रंग असेल तर गडद येतो. ही चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच घरी करण्यासाठी सांगितली आहे. कॅमेऱ्यात छान दिसते, करू द्या. फक्त दोन अटी घाला. शेजारी दुसऱ्या कंपनीचं पाकीट ठेवायचं नाही, आणि "शंभर टक्के शुद्ध असल्याचं सिद्ध झालं" म्हणायचं नाही. घरच्या ग्लासात कृत्रिम रंगाचा अंदाज येतो, शुद्धतेचा दाखला मिळत नाही. तो हवा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल हाताशी पाहिजे.

आता जाहिरात असल्याचं सांगणं. इथे बहुतेक ब्रीफमध्ये एकच ओळ असते, 'नियमाप्रमाणे टॅग करावे'. त्याचा अर्थ ती मुलगी कॅप्शनच्या तळाशी, वीस हॅशटॅगच्या गर्दीत, एक 'ad' टाकून मोकळी होते. ते चालत नाही. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, 2021 मध्ये याचे नियम दिले. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद दिसलं पाहिजे. त्याहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल, तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. आपलं रील तीस सेकंदांचं, म्हणजे दहा सेकंद. केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं.

मग ब्रीफमध्ये सरळ लिहा : पहिल्या सेकंदापासून दहाव्यापर्यंत पडद्यावर 'जाहिरात' असं मराठीत, ठळक, वरच्या भागात. वरच्या भागात का, तर खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, लेबल त्यांच्यामागे दडतं. बोलण्यात एकदा, "ही जाहिरात हाय, गटानं पैसे दिल्यात." शिवाय इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिप लेबल चालू. हे सगळं ड्राफ्टमध्येच दिसलं पाहिजे, "टाकताना लावते" हे ऐकायचं नाही. लोक म्हणतात, असं सांगितलं की रील पडतं. माझं मत वेगळं आहे. पहिले तीन सेकंद रटाळ असले की ते पडतं, आणि दोष लेबलला जातो.

शेवटी, तिने गटाला काय द्यायचं, ते. एक उभं रील, 9:16, तीस सेकंद. दोन स्टोरी, त्यातल्या एकीत मागवण्याची लिंक. आवाज तिचा स्वतःचा किंवा व्यावसायिक वापराला मोकळं असलेलं संगीत. चालू सिनेमाचं गाणं लावलं तर जाहिरातीच्या रीलचा आवाज बंद होऊ शकतो. शूटच्या आधी चार ओळींत कल्पना, मग ड्राफ्ट, मग बदलाची एकच फेरी. फेऱ्यांचा आकडा लिहिला नाही, तर गटातल्या प्रत्येक ताईचा एकेक बदल येतो आणि पोरगी वैतागते. चुकीची माहिती आणि राहिलेलं लेबल यांची दुरुस्ती त्या फेरीत धरू नका, ती कितीही वेळा करावीच लागेल. रील किमान किती महिने काढून टाकायचं नाही आणि सात दिवसांनी आकड्यांचे स्क्रीनशॉट द्यायचे, तेही लिहा.

आणि एक गोष्ट गट हमखास विसरतो. तेच रील पुढे स्वतःच्या पेजवरून पैसे लावून चालवायचं असेल, तर ती वेगळी परवानगी आहे आणि तिचे वेगळे पैसे आहेत. किती दिवसांसाठी, ते आधीच ठरवा.

(एका ताईंनी विचारलं, पैसे न देता दोन किलो हळद दिली तर?) तरी सांगावं लागेल, ताई. फुकट वस्तू दिली म्हणजे संबंध आलाच. अशा वेळी "गटानं हळद भेट दिली" असं लेबल आणि तेच वाक्य तोंडी. दहा सेकंद तसेच राहतात.