सुटीच्या दिवशीचा पगार

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या कामाला, सराफी पेढ्यांवर पार तमिळनाडूपर्यंत पोचली आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आणि इथं त्यांची वाट बघणाऱ्यांसाठी.

तमिळनाडूत 1958 चा राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्यांचा कायदा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या भरपगारी सुट्या, शिवाय सणांच्या पाच. त्या दिवशी कामावर बोलवायचं तर मालकानं किमान 24 तास आधी लेखी नोटीस द्यायची. काम केलं की दोन वाटा : दुप्पट मजुरी, नाहीतर त्या दिवसाची मजुरी आणि बदली भरपगारी सुटी. निवड कामगाराची. पुन्हा सांगतो, निवड कामगाराची, मालकाची नव्हे.

आमच्या भावकीतला एक पोरगा कोइमतूरला पेढीवर आहे, पगार अठरा हजार. 15 ऑगस्टला दुकान उघडं होतं. (मला विचाराल तर त्या दिवशी सराफानं तराजू झाकूनच ठेवावा. सोनं दुसऱ्या दिवशीही मिळतं.) पगार झाला आणि त्याचा फोन आला, आवाज चढलेला. "काका, दुप्पट म्हणजे बाराशे ना? सहाशेच जादा दिलेत!"

म्हटलं, बाळा, हिशोब बघ. अठरा हजाराला तीसनं भागलं की दिवसाचे सहाशे. सुटी भरपगारी, म्हणजे ते सहाशे पगारात आधीच आले. वर आणखी सहाशे, झाले बाराशे. पैशात फसवलेलं नाही.

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण मला पैसे नकोच होते. गौरी-गणपतीला घरी यायला एक दिवस कमी पडत होता. मला कुणी विचारलंच नाही." खरी चूक ती होती, आणि ती मालकाची.

2 ऑक्टोबरची नोटीस लागली तेव्हा त्यानं मालकाला चिठ्ठी दिली : मला बदली सुटी हवी, दिवाळीतली अमुक तारीख. एका प्रतीवर मालकाची सही घेतली. (पोरांनी तमिळ वाचायला शिकावं, असं मी नेहमी सांगतो, नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये.) ती सुटी त्यानं आठवड्याच्या सुटीला जोडली आणि आईच्या हातचा फराळ खाऊन परत गेला. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला गावी यायचं नव्हतं, त्यानं सहाशे घेतले. दोघांचंही बरोबर.

तारीख मात्र लिहून घ्या. "नंतर बघू" म्हटलेली सुटी हमखास राहते. आणि हजेरीपत्रक बघा : आठवड्याची सुटीच बदली म्हणून दाखवली असेल, तर तुम्हाला काहीच मिळालेलं नाही. त्या आठवड्यात दोन भरपगारी सुट्या दिसल्या पाहिजेत, दोन.