झेंडा हलण्याआधीची बेरीज

नमस्कार श्रोतेहो, आणि माझ्यासमोर हातपाय झाडत उभ्या असलेल्या मंडळींनाही नमस्कार. सकाळचे सव्वासहा झालेत. माझ्या एका हातात माईक आहे, दुसऱ्या हातात हिरवा झेंडा. तो खाली येईपर्यंत एक हिशेब पूर्ण करू द्या. जन्मभर गणित शिकवलं, सवय जात नाही.

माझ्या पाठीमागे मोठा फलक लावलाय : ‘आपण सारे मिळून चालणार ७,००० किलोमीटर!’ घरी रेडिओ ऐकणाऱ्यांना तो दिसत नाही, म्हणून वाचून दाखवला. हा आकडा आला कुठून? नोंदणी ७०० जणांची, सर्वात लांबचा टप्पा १० किलोमीटरचा. केला गुणाकार, छापला फलक. छापणाऱ्याचा उत्साह मला मान्य आहे, गुणाकार नाही.

मी आत्ता टेबलावर जाऊन आलो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, ६४० जणांनी नेलाय. उरलेले ६० पिशवीत पडून आहेत, त्यांचे मालक बहुधा अंथरुणात. ते हाच कार्यक्रम ऐकत असतील तर त्यांनी चहा तरी उठून घ्यावा.

आता या ६४० जणांपैकी १० किलोमीटरला आहेत ६० जण, ५ किलोमीटरला १८०, आणि ३ किलोमीटरला तब्बल ४००. काल एकाने मला सरासरी काढून दाखवली : तीन, पाच, दहा यांची बेरीज अठरा, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकी सहा. सहा गुणिले ६४०, झाले ३,८४०. दिसायला सरळ, पण चूक. कारण बहुतेक गर्दी तीनच्या रांगेत आहे, आणि या सरासरीने तिलाही दहावाल्यांइतकंच वजन दिलं. प्रत्येक रांग वेगळी मोजायची. ४०० त्रिक १,२००. १८० पंचे ९००. ६० दाहे ६००. एकूण २,७०० किलोमीटर.

भारताची पूर्व-पश्चिम लांबी सरळ रेषेत २,९३३ किलोमीटर आहे. म्हणजे अरुणाचलच्या टोकाकडून निघालो, तर कच्छच्या टोकाला २३३ किलोमीटर कमी पडतात. त्या पिशवीतले साठ जण आले असते आणि प्रत्येकी तीनच किलोमीटर चालले असते, तरी १८० भरले असते. झोप महाग पडली म्हणायची!

आता वेळ. तीनच्या रांगेत आजीआजोबा, लहान मुलं, गप्पा मारणारे. ताशी चार किलोमीटर धरू. प्रत्येकी पाऊण तास, चारशेंचे ३०० तास. पाचवाले ताशी पाचने एका तासात परततील, त्यांचे १८० तास. दहावाल्यांना त्याच वेगाने दोन तास, त्यांचे १२०. मिळून ६०० तास, म्हणजे बरोबर २५ दिवस. एकटा माणूस न थांबता, न झोपता एवढं चालला तर महिना संपत येईल. आपण साडेआठच्या आसपास परत येऊन पोहे खात असू. चालण्याचे तास बेरजेत वाढतात, घड्याळात मात्र सगळे एकाच वेळी सरकतात.

यात एक गळती आहे, ती कुणी धरत नाही. समोरची कमान बघा. चौघे जेमतेम शेजारी मावतात. चारशे जणांच्या शंभर ओळी. एका ओळीला दोन सेकंद धरले, तरी शेवटची ओळ कमानीतून जायला तीन मिनिटं वीस सेकंद लागतील. सरासरी एकेकाची १०० सेकंद. चारशेंची मिळून ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून जास्त, नुसतं उभं राहण्यात. म्हणून आपली वेळ झेंड्यापासून धरू नका. कमानीखालची पांढरी रेघ ओलांडाल तेव्हा घड्याळ लावा.

दुसरी गळती वळणावर. तीनवाल्यांना दीड किलोमीटरवर पुलापाशी वळायचंय. त्याआधी तीनशे मीटरवर कडुलिंबाची छान सावली आहे, आणि तिथूनच मागे फिरायचा मोह होतो. जाता-येता ६०० मीटर बुडतात. असे पन्नास जण निघाले की ३० किलोमीटर गायब. म्हणून पुलावर एक कार्यकर्ती उभी आहे, ती मनगटात लाल रबर बँड घालेल. परतल्यावर तो टेबलावरच्या डब्यात टाका. पाचवाल्यांना पिवळा, दहावाल्यांना निळा. आज मी माणसं मोजणार नाही, डब्यातले रबर बँड मोजणार. मध्येच पाय दुखला तर खुशाल थांबा, फक्त दुसऱ्याचा बँड मागून आणू नका.

डबे रिकामे झाले की नऊच्या सुमारास याच माईकवरून खरा आकडा सांगेन. २,७०० पेक्षा तो कमीच येईल असं मला वाटतं. किती कमी, त्यावर माझी आणि फलक छापणाऱ्याची एका मिसळीची पैज लागली आहे.

साडेसहा झाले. दहावाले, कमानीपाशी या. पाचवाले त्यांच्यामागे, दहा मिनिटांनी. तीनवाले सर्वात शेवटी. बुटांच्या नाड्या बघून घ्या. एक... दोन... आणि हा झेंडा!